झाकणाखालची दहा मिनिटं

उशिरा घरी आल्यावर स्वयंपाकाला लागलं की वाटतं, सगळा वेळ चिरण्यात जातोय. ओट्याशी नीट लक्ष दिलं तर वेगळंच दिसतं. बराचसा वेळ पाणी तापण्याची वाट पाहण्यात जातो. गॅसवर ठेवलेलं लिटरभर गार पाणी उकळायला सात-आठ मिनिटं सहज घेतं, आणि तेवढ्या वेळात मुलं तीनदा येऊन विचारून जातात, झालं का. म्हणून पिशवी खांद्यावरून उतरवण्याआधी करायचं पहिलं काम एकच : विजेच्या किटलीत लिटरभर पाणी भरून तिचं बटण दाबायचं. तीन-चार मिनिटांत ते पाणी तयार होतं आणि पुढच्या सगळ्या हिशेबाला आधार देतं.

हा हिशेब एकाच पदार्थाच्या आधाराने मांडते, कारण तो एक नीट समजला की बाकीचे त्याच्याच वाटेने जातात. पदार्थ साधा आहे. एका पसरट भांड्यात तांदूळ, मसुरीची डाळ, कांदा, गाजर, टोमॅटो, मटार, आणि शेवटी त्याच भातावर झाकणाखाली शिजलेली अंडी. एका मोठ्या माणसाला आणि तीन मुलांना, किंवा दोन मोठ्यांना आणि दोन लहान मुलांना पुरतो. तीस मिनिटांत होतो, पण पळापळ केल्यामुळे नाही. त्या तीस मिनिटांतली पहिली दहा हातांची असतात. नंतरची दहा झाकणाची. उरलेल्या दहात अंडी शिजतात आणि भात मुरतो. हातांचं काम पहिल्या दहा मिनिटांच्या पुढे सांडलं की सगळं बिघडतं, कारण मग झाकण सारखं उघडावं लागतं.

आधी भांडं. 28 सेंटिमीटर रुंद, सहा-सात सेंटिमीटर खोल, जाड बुडाचं आणि घट्ट झाकणाचं. काचेचं झाकण असेल तर फारच चांगलं, आत काय चाललंय ते न उघडता कळतं. रुंदी इथे हौसेची गोष्ट नाही. उंच आणि अरुंद पातेल्यात भाताचा थर जाड होतो. खालची शितं मऊ होऊन फुटतात तेव्हा वरच्या शितांत कणी असते. शिवाय अंड्यांना जागाच उरत नाही. याउलट पातळ बुडाच्या तव्यासारख्या भांड्यात ज्योतीच्या बरोबर वरची जागा करपते आणि कडेचं कच्चं राहतं. झाकण सैल असेल तर त्याखाली स्वच्छ, कोरडं सुती फडकं ताणून बसवावं आणि त्याची टोकं झाकणावर उलटून बांधावीत. टोकं खाली लोंबती ठेवली तर पेट घेतील.

आता मापं. कप म्हणजे 240 मिलिलिटरचा. पांढरा तांदूळ दीड कप, साल काढलेली लाल मसूर डाळ अर्धा कप, एक मोठा कांदा, दोन गाजरं, दोन टोमॅटो, गोठवलेले मटार एक कप, चार अंडी, तेल दोन मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा. मसाला मुलं जो खातात तो. जिरे आणि मिरपूड एवढ्यावरही चव उभी राहते.

तांदळासोबत लाल मसूरच का, तर दोघांचा शिजायचा वेळ जवळजवळ सारखा आहे. साल काढलेली, दुभंगलेली मसूर पंधरा-वीस मिनिटांत शिजते, पांढरा तांदूळही तेवढ्यातच. अख्खी मसूर घेतली तर भात तयार झाल्यावरही ती दाताखाली कडक लागते, आणि ती शिजेपर्यंत थांबलं तर भाताचा लगदा होतो. एका भांड्यातल्या स्वयंपाकाचं सगळं कसब या एका निवडीत आहे. जे एकत्र घालायचं ते एकाच वेळी शिजणारं असावं, आणि नसेल तर चिरण्याने तसं करून घ्यावं. गाजराच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या फोडी दहा-बारा मिनिटांत मऊ होतात. बोटाएवढे तुकडे वीस मिनिटांनीही कुरकुरीत राहतात आणि मग मुलं ते ताटाच्या कडेला काढून ठेवतात. बटाटा घालायचा असेल तर एक सेंटिमीटरचे चौकोन करावेत, त्याहून मोठे नकोत. मटाराला तीन-चार मिनिटं पुरतात. म्हणून तो आधी पडतच नाही, अंड्यांबरोबर शेवटी पडतो.

आता घड्याळ सुरू करू.

किटली लावली. तांदूळ आणि डाळ एकत्र दोन-तीन पाण्यांत धुऊन पाण्यातच ठेवून दिली. ही भिजवण सात-आठ मिनिटांचीच होते, पण ती फुकट मिळते आणि शिताच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचायला तिची मदत होते. तिसऱ्या मिनिटाला भांडं मध्यम आचेवर, त्यात तेल, तेल तापेपर्यंत कांदा बारीक चिरून झालेला. कांदा पडला की लगेच चिमूटभर मीठ. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर खेचतं आणि तो लवकर मऊ पडतो. कांदा परततोय तोवर गाजरं सोलून चिरून त्यातच ढकलायची.

इथे एक मोह टाळायला हवा. कांदा नीट तपकिरी करायला अर्धा तास लागतो. तो घाईने करायला आच मोठी केली की कडा काळ्या होतात, मध्य कच्चा राहतो आणि तो कडवटपणा सगळ्या भातात उतरतो. उशिरा आलेल्या रात्री कांदा चार-पाच मिनिटांत पारदर्शक झाला की पुढे जावं. चवीची उणीव टोमॅटो भरून काढतो. पाककृतींत 'पाच मिनिटांत कांदा सोनेरी' असं सर्रास लिहिलेलं असतं आणि त्यावर विसंबणाऱ्याची पंधरा मिनिटं जातात, याची चीड येते.

सातव्या मिनिटाला जिरे, मिरपूड, बारीक चिरलेले टोमॅटो आणि उरलेलं मीठ. दोन मिनिटं परतल्यावर टोमॅटोचं पाणी आटतं आणि तेल कडेने दिसू लागतं. टोमॅटो दोनच घ्यावेत. आंबटपणा डाळीच्या आणि भाज्यांच्या पेशींच्या भिंती सुटू देत नाही, त्यामुळे त्या मऊ व्हायला वेळ लागतो. चार-पाच टोमॅटो घातले किंवा आधीच लिंबू पिळलं, तर पाणी पुरेसं असूनही डाळीचा दाणा टणक राहतो आणि दोष पाण्याला दिला जातो. लिंबू हवंच असेल तर ते ताटात पिळावं.

नवव्या मिनिटाला तांदूळ-डाळ चाळणीत ओतून नीट निथळायची, भांड्यात घालून मिनिटभर हलक्या हाताने परतायची आणि मग किटलीतलं उकळतं पाणी घालायचं. किती, हा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून त्यावर जरा थांबते.

तांदळाच्या दुप्पट पाणी, असं आपण ऐकत आलेलो असतो. एका कपाला ते जमतं आणि तीन कपांना भात गिच्च होतो, आणि लोक तांदळाला नावं ठेवतात. खरं तर पांढरा तांदूळ साधारण आपल्याएवढंच पाणी पितो, म्हणजे एका कपाला एक कप. वरचं पाणी वाफ होऊन जाण्यासाठी असतं. वाफ किती जाणार हे भांड्याच्या रुंदीवर, झाकणाच्या घट्टपणावर आणि मिनिटांवर ठरतं. तांदूळ किती आहे याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. म्हणून तांदूळ दुप्पट केला तरी वाफेचं पाणी जवळजवळ तेवढंच राहतं. या पदार्थात दीड कप तांदळाला दीड कप, अर्धा कप डाळीला सव्वा कप, आणि 28 सेंटिमीटरच्या भांड्यातून निघून जाणाऱ्या वाफेसाठी पाऊण कप. बेरीज साडेतीन कप. पण निथळलेल्या दाण्यांना थोडं पाणी चिकटलेलं असतंच आणि टोमॅटोतही थोडं उरलेलं असतं. म्हणून सव्वातीन कप घालावं आणि पाव कप किटलीत राखून ठेवावं. तीन कप तांदूळ आणि एक कप डाळ करायची झाली, तर साडेपाच कप शोषणाचे आणि तोच पाऊण कप वाफेचा, म्हणजे सव्वासहा. सरळ दुप्पट केले असते तर सात झाले असते, आणि तो पाऊण कप जादा पाणी भात बिघडवायला पुरतं. मात्र एवढा भात 28 सेंटिमीटरच्या भांड्यात मावणार नाही. मोठं भांडं घेतलं की त्याच्या रुंदीप्रमाणे वाफही थोडी वाढते, तेव्हा पाव कप हाताशी ठेवण्याची सवय तिथेही असू द्यावी.

पाणी पडल्यावर उलथन्याने बुडाला चिकटलेलं सगळं एकदा खरवडून सोडवायचं. कांदा-टोमॅटोतली साखर बुडाला धरलेली असते, आणि तिथूनच करपायला सुरुवात होते. यानंतर ढवळणं बंद. भात शिजताना ढवळला की शितं एकमेकांवर घासून त्यांचा स्टार्च पाण्यात उतरतो, पाणी दाट होतं, दाट पाणी वर उसळत नाही आणि बुडाशी करपतं. काळजीने सारखा चमचा घालणाऱ्याचाच भात खाली लागतो, त्याचं कारण हे.

उकळतं पाणी घातलेलं असल्यामुळे मिनिटभरात भांडं खदखदतं. अकराव्या मिनिटाला आच अगदी मंद आणि झाकण घट्ट.

आता दहा मिनिटं भांड्याला तुमची गरज नाही. हात धुवायला, कपडे बदलायला, मुलांशेजारी बसायला ही मिनिटं आहेत. विजेची शेगडी असेल तर एवढं लक्षात ठेवावं, की तिची तबकडी आच कमी केल्यावरही दोन-तीन मिनिटं तापलेलीच राहते; तेवढा वेळ भांडं बाजूच्या मंद तबकडीवर सरकवून ठेवावं. मुलांची भूक तोवर थांबत नाही, हेही खरं. चिरताना त्यांना काहीतरी द्यावंच, पण बिस्किटांसारखं पोट भरणारं नको, नाहीतर ताट तसंच राहतं. केळ्याचा अर्धा तुकडा, काकडीच्या लांब पातळ फोडी पुरे. चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्यांच्यासाठी गाजर किसून द्यावं.

झाकण न उघडता भांड्यात काय चाललंय ते कानांनी कळतं. पहिली सात-आठ मिनिटं ओलसर, भरलेली खदखद ऐकू येते. मग ती विरळ होते. तिच्या जागी कोरडी, तडतडीसारखी बारीक कुरकुर सुरू झाली की बुडाचं पाणी संपलेलं असतं. ती दहा मिनिटांच्या आधीच सुरू झाली तर आच जास्त आहे किंवा झाकणातून वाफ सुटते आहे. अशा वेळी राखलेल्या पाव कपातलं गरम पाणी कडेकडेने सोडावं. गार पाणी सोडू नये, त्याने शिजणं थांबतं आणि बाहेरून फुटलेल्या शिताच्या आत कणी तशीच राहते.

एकविसाव्या मिनिटाला झाकण पहिल्यांदा उघडायचं. भाताच्या पृष्ठभागावर बारीक बारीक भोकं दिसली पाहिजेत, आणि त्यांतून पाणी नाही तर वाफ येत असली पाहिजे. एक शीत बोटांत चेपून बघावं. मधे सुईच्या टोकाएवढा कडकपणा असेल तर बरोबर आहे, तो पुढच्या मिनिटांत जाईल. वर अजून पाणी तरंगत असेल तर झाकण काढून आच मध्यम करून दोन मिनिटं द्यावीत आणि मगच अंड्यांकडे वळावं. पाण्यावर फोडलेलं अंडं पसरतं आणि त्याच्या तारा होतात.

मटार वर भुरभुरायचे, ते गोठलेलेच चालतात. चमच्याच्या मागच्या बाजूने चार खळगे करायचे. खळगा बुडापर्यंत जाऊ नये. बुडाला टेकलेलं अंडं खालून रबरासारखं होतं आणि वरून कच्चं राहतं. खाली बोटभर भात असला की तो उशीसारखा मधे येतो आणि अंडं सगळ्या बाजूंनी वाफेवर शिजतं. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून मग खळग्यात सोडावं, खराब निघालं तर सगळं भांडं वाया जात नाही. वर चिमटीभर मीठ आणि झाकण.

सहा मिनिटांत पांढरं घट्ट होतं, बलक मात्र वाहता असतो. मोठ्यांना तो आवडतो. लहान मुलांसाठी बलकही घट्ट हवा, कारण कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो आणि त्याचा त्रास लहानांना जास्त होतो. म्हणून सात मिनिटं मंद आच, मग आच बंद करून झाकण तसंच ठेवून आणखी दोन मिनिटं. बलक बोटाने दाबल्यावर हलला नाही, म्हणजे झालं. हलला तर झाकण पुन्हा ठेवून मिनिट-दोन मिनिटं. या शेवटच्या थांबण्यात भातही मुरतो. आच बंद केल्याबरोबर वाढलेला भात वर कोरडा आणि खाली ओला असतो. दोन मिनिटांनी ओल सगळीकडे सारखी पसरते आणि बुडाला हलकं धरलेलं असेल तर तेही सुटतं. तिसावं मिनिट इथे भरतं. भांडं थेट ताटांपाशी न्यावं, खाली जाड लाकडी फळी ठेवून.

आणि करपलंच तर? वास आला की पहिली प्रतिक्रिया ढवळण्याची होते, आणि तिथेच सगळा भात जातो. करपट चव बुडाच्या पातळ थरात असते. ढवळलं की ती वर येते. आच बंद करावी, भांडं चारपदरी ओल्या फडक्यावर दोन मिनिटं ठेवावं, आणि वरचा भात बुडाला न खरवडता दुसऱ्या ताटात काढून घ्यावा. बहुतेक वेळा तीन चतुर्थांश भात चांगला निघतो.

अंडी नको असतील तर शिजवलेले छोले एक कप, डब्यातले असतील तर निथळून धुऊन, तांदळाबरोबरच घालावेत. कोरडे छोले किंवा राजमा या पदार्थात चालत नाहीत. त्यांना रात्रभर भिजवणं लागतं, आणि राजमा अर्धवट शिजला तर पोटाला बाधतो. चिकन घालायचं तर हाडं काढलेल्या मांडीच्या मांसाचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे करावेत, 350 ग्रॅम पुरतं. ते कांद्याआधी तेलात एका थरात पसरून, तीन मिनिटं न हलवता एका बाजूने तांबूस करावेत आणि बाजूला काढून पाण्याबरोबर परत घालावेत. भांड्यात गर्दी केली तर त्यांचंच पाणी सुटून ते उकडतात, तांबूस होत नाहीत. छातीचं मांस घेऊ नये, एवढ्या वेळात ते कोरडं पडतं. आणि ही तीन मिनिटं तीसच्या वरची असतात, हेही सांगून ठेवते. हातसडीचा किंवा तपकिरी तांदूळ मात्र या वेळेत बसत नाहीच. त्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. तो सुट्टीच्या दिवसासाठी ठेवावा.

भात उरला तर एक गोष्ट टाळू नये. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूची बीजं असू शकतात, ती उकळण्याने मरत नाहीत आणि कोमट भातात तासन्‌तास ठेवली की वाढतात. त्यांनी सोडलेलं एक विष दुसऱ्या दिवशी कितीही गरम केलं तरी नाहीसं होत नाही. म्हणून जेवण झाल्याबरोबर उरलेला भात पसरट ताटलीत पातळ पसरावा, म्हणजे तो लवकर निवतो, आणि तासाभराच्या आत फ्रीजमध्ये जावा. दुसऱ्या दिवशी चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, मधोमध वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच खावा. त्या आधी रिकाम्या भांड्यात किटलीत उरलेलं गरम पाणी ओतून ठेवावं. मुलं दात घासून येईपर्यंत बुडाचा थर आपोआप सुटतो.